समोरच्या कंपनीत जाताना टीमला निरोपाचा मेसेज कसा लिहायचा

प्रश्न: सांगलीत शेतीच्या औषधांच्या एका कंपनीत एरिया मॅनेजर आहे, सात वर्षं झाली. हाताखाली नऊ पोरं, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज असा सगळा द्राक्ष पट्टा. राजीनामा दिलाय, पुढच्या महिन्यात याच पट्ट्यात समोरच्या कंपनीत जॉईन होतोय. टीमच्या ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकायचाय, पण साहेबांनी गद्दारी केली असं कुणाला वाटायला नको. काय लिहू?

उत्तर:

याच लाईनमध्ये माझी बावीस वर्षं गेली. दोनदा मी स्वतः समोरच्या कंपनीत गेलो आणि चार-पाच वेळा माझ्या हाताखालचे लोक समोर गेले, त्यामुळं असे मेसेज लिहिलेत पण आणि वाचून वाईट वाटून पण घेतलंय. त्यावरून एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. समोरच्या कंपनीत गेला म्हणून पोरं गद्दार म्हणत नाहीत. आपल्या लाईनमध्ये माणसं इकडची तिकडं जातातच, हे फिल्डवरच्या पोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतंय. राग येतो तो दोन गोष्टींचा, एक म्हणजे साहेब खोटं बोलले आणि दुसरं म्हणजे साहेब निस्तरायचं आमच्या गळ्यात टाकून गेले. या दोन्ही गोष्टी मेसेजच्या आधी मिटवाव्या लागतात, नंतर मेसेज कितीही गोड लिहा, काही उपयोग नाही.

पहिल्या वेळेला मी काय केलं ते सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. मी ग्रुपवर लिहिलं होतं की घरगुती अडचणीमुळे थांबतोय, थोडे दिवस गावाकडं शेती बघणार आहे. मला वाटलं कशाला उगाच समोरच्या कंपनीचा विषय, पोरांना वाईट वाटेल. वीसेक दिवसांनी तासगावात एका कृषी सेवा केंद्रात मी नवीन कंपनीची बॅग खांद्याला लावून, नवीन प्राईस लिस्ट काउंटरवर ठेवून बसलेलो आणि माझ्या जुन्या टीममधला पलूसचा पोरगा आत आला. त्यानं बॅगेवरचं नाव वाचलं, दुकानदारानं सांगितलेला चहा अर्धा प्यायला, अर्धा तसाच ठेवला आणि काही न बोलता गेला. संध्याकाळी फोन आला, "सर, सांगितलं असतं तर आम्ही काय अडवणार होतो का तुम्हाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. चार वर्षं त्या पोराला गाडीवर मागं बसवून मी प्लॉट दाखवत फिरलेलो, त्याचं पहिलं टार्गेट मी बसून पूर्ण करून घेतलेलं, आणि त्याच्या डोक्यात माझं जे राहिलं ते त्या मेसेजमधलं शेतीचं वाक्य.

म्हणून पहिली गोष्ट ही, की ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी नऊच्या नऊ जणांना हे तुमच्या तोंडून कळलेलं असलं पाहिजे. तुमच्या वरच्या साहेबांना तुम्ही सांगितलंच असेल, ते पहिलं. ते हो म्हणाले की टीमला सांगायचं, त्यांना डावलून नाही, नाहीतर तिथंच टीम फोडतोय असा अर्थ निघतो. मग जे जवळ आहेत त्यांना भेटून आणि लांबच्यांना फोन करून, शक्यतो एकाच दिवसात सगळ्यांना, कारण आपल्याकडं सकाळी दहाला मिरजेत सांगितलेली गोष्ट बारा वाजता कवठेमहांकाळच्या दुकानात पोचलेली असते. शेवटच्या माणसाला दुकानदाराकडून कळलं तर त्याच्यापुरतं सगळं संपलं. बोलायचं पण थोडंच, "मी थांबतोय, समोर जॉईन होतोय, पट्टा हाच आहे, म्हणजे आता आपण एकमेकांच्या समोर असणार, हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून फोन केला." कंपनीचं नाव विचारलं तर सांगा. ऑफर लेटर हातात नसेल तर "अजून पक्कं नाही, पण लाईन हीच" म्हणा, ते खरंच असतं. पगार किती वाढला, गाडी कुठली मिळणार, इकडच्या साहेबांशी काय बिनसलं, यातलं एक अक्षर नको. पोरांना अजून त्याच साहेबांच्या हाताखाली काम करायचंय.

आता दुसरी गोष्ट, आणि बहुतेक लोक इथंच चुकतात. तुमची जायची वेळ बघा. तासगावचा गणपतीचा रथ झाला की छाटणीची गडबड सुरू होते आणि ऑक्टोबरात तर दुकानदार, बागायतदार कुणालाच श्वास घ्यायला वेळ नसतो. पोंगा अवस्थेपासून फुलोऱ्यापर्यंत डावणीची भीती, पाऊस पडला की रात्री-अपरात्री फोन. अशा वेळी साहेब गेला तर पोरांच्या अंगावर काय येतं? तुम्ही तोंडी बोलून ठेवलेलं सगळं. या दुकानदाराला म्हणाला असाल की शंभर पेट्या उचल, स्कीमची क्रेडिट नोट मी काढून देतो. त्याला म्हणाला असाल की शिल्लक राहिलेला माल मार्चमध्ये रिटर्न घेतो. कुणाला टूरचं बोललेला असाल, कुठल्या बागायतदाराला डेमो प्लॉटसाठी माल फुकट देतो म्हणाला असाल. हे सगळं तुमच्या डोक्यात असतं, कंपनीच्या सिस्टीममध्ये नसतं. तुम्ही गेल्यावर दुकानदार पोराला धरतो, "तुमच्या साहेबांनी कबूल केलेलं, आधी ते द्या, मग तुमचं पेमेंट." पोरगं वसुलीला गेलेलं असतं आणि हात हलवत परत येतं. दोन महिने असं झालं की तो म्हणणारच, साहेबांनी आमचा गळा कापला. आणि तो चुकीचं बोलत नाही.

म्हणून नोटीस पिरीयडमध्ये एक दिवस बसून यादी काढा. दुकानाप्रमाणं, कुणाला काय बोललो, किती रकमेचं, कंपनीनं मंजूर केलेलं की माझ्या जोरावर बोललेलो. जे मंजूर आहे त्याचे क्लेम जायच्या आधी वर पाठवून त्याची मेल ठेवा. जे मंजूर नाही ते वरच्या साहेबांना प्रामाणिकपणे सांगा आणि ते नाही म्हणाले तर दुकानदाराला तुम्ही स्वतः जाऊन सांगा की हे होणार नाही, शिव्या तुम्ही खा, पोराला खायला लावू नका. डीलरची बॅलन्स कन्फर्मेशन सही कंपनी तशीही घेतेच, त्याच फेरीत हे बोलून घ्या आणि सोबत त्या बीटचा पोरगा असू द्या, म्हणजे काय बोलणं झालं ते त्याच्या कानावर पडतं. डेमो प्लॉटची यादी पण द्या, गाव, वाण, छाटणीची तारीख, आतापर्यंत काय फवारलं आणि पुढचं काय ठरलंय. ही यादी कंपनीच्या मेलवरूनच द्यायची. स्वतःच्या मेलवर कॉपी पाठवू नका, फोटो काढून ठेवू नका. बागायतदारांची यादी, दुकानांचे रेट, स्कीमचं वर्किंग ही कंपनीची माहिती आहे आणि तुमच्यावर उद्या काही शेकलं तर ते मेसेजमुळं कमी आणि अशा एखाद्या फॉरवर्ड केलेल्या एक्सेल शीटमुळं जास्त शेकेल.

एवढं झालं की मेसेज लिहायला सोपा जातो, कारण सांगायचं सगळं सांगून झालेलं असतं. मागं एका ओळखीच्या एरिया मॅनेजरनं मला त्याचा मेसेज आधी वाचायला पाठवला होता. परिस्थिती अगदी तुमच्यासारखी, तोच पट्टा, समोरची कंपनी. त्यानं लिहिलेलं असं होतं:

"जड अंतःकरणाने कळवतो की मी आपली कंपनी सोडत आहे. मला एक मोठी संधी मिळाली आहे. तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात. मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळे. माझा नंबर तोच राहील, कधीही काहीही लागलं तर हक्काने फोन करा, मी कायम तुमच्या पाठीशी आहे. लवकरच पुन्हा एकत्र काम करू."

माणूस मनानं चांगला, लिहिताना डोळ्यांत पाणी असणार त्याच्या. पण मी त्याला म्हटलं, हे तू तुझ्या बाजूनं लिहिलंयस, आता कवठेमहांकाळच्या पोराच्या जागी बसून वाच.

"मोठी संधी" म्हणजे मग आम्ही जिथं आहोत ते छोटं? जो राहिलाय त्याला हा शब्द टोचतो. "कुटुंब" हा शब्द इतर वेळी चालतो, पण समोर जाताना नाही, कारण वाचणारा लगेच म्हणतो, घरातला माणूस कधी समोरच्या पार्टीत जाऊन बसतो का? गद्दारीचा विषय तुम्ही स्वतःच त्याच्या तोंडात आणून दिला. "काहीही लागलं तर फोन करा, कायम पाठीशी" हे तर सगळ्यात अवघड वाक्य, कारण एक तारखेनंतर तुम्ही पाठीशी नसणार, समोर असणार. तासगावात एखादा दुकानदार तुमच्या नवीन मालाला जागा देण्यासाठी त्याच पोराचा माल काउंटरवरून मागं सरकवणार आहे. तेव्हा त्याला हे वाक्य आठवेल. शिवाय तुमच्या जागी जो नवीन येईल त्याला पण कुणीतरी हे दाखवतंच आणि त्याला वाटतं जुना साहेब अजून टीम चालवतोय. शेवटचं "लवकरच पुन्हा एकत्र काम करू", हे वाक्य एचआरच्या हातात पडलं तर त्याचा एकच अर्थ, हा माणूस टीम घेऊन चाललाय. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. पण स्क्रीनशॉटमध्ये मन दिसत नाही, फक्त वाक्य दिसतं.

"जड अंतःकरणाने" मी काढायला लावलं ते वेगळ्या कारणानं. ते श्रद्धांजलीच्या बोर्डावरचं वाक्य आहे, आपण एकमेकांशी असं बोलत नाही. बोलत नाही तसं लिहिलं की खोटं वाटायला लागतं.

मग आम्ही बसून दुसरा केला. साधारण असा, तुम्ही तुमच्या तपशिलानं भरा:

"नमस्कार सगळ्यांना. आज माझा कंपनीतला शेवटचा दिवस. तुम्हा सगळ्यांशी मी आधी बोललोच आहे, त्यामुळं नवीन काही सांगत नाही. यापुढं मी याच लाईनमध्ये, याच भागात काम करणार आहे.

दुकानदारांशी बोललेल्या सगळ्या स्कीम आणि रिटर्नची यादी मेलवर दिली आहे, प्रत्येकानं आपल्या बीटची बघून घ्या. त्यातलं जे मंजूर झालं नाही ते मी त्या दुकानदारांना स्वतः सांगितलं आहे. डेमो प्लॉटची माहिती पण त्यातच आहे. इथून पुढं कामाचं काहीही असलं तर ऑफिसला फोन करा.

मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या पावसात तुम्ही सलग बारा दिवस पहाटे साडेपाचला प्लॉटवर होता. तेव्हा मी ते बोलून दाखवलं नाही, आज सांगतो, तसं काम मी दुसरीकडं बघितलेलं नाही. माझं काही चुकलं असेल, टार्गेटच्या नादात कुणाला जास्त बोललो असेन, तर माफ करा.

सीझन चांगला जाऊ दे. नमस्कार."

यात बघा, "याच लाईनमध्ये, याच भागात" एवढं सरळ लिहिलंय. लपवलं नाही, पण कंपनीचं नाव पण टाकलं नाही. नाव तोंडी सगळ्यांना माहीत आहे, मग लिखाणात कशाला? जुन्या कंपनीच्या ग्रुपवर समोरच्या कंपनीचं नाव लिहिलं की ती फुकटची जाहिरात होते, आणि तोच मेसेज संध्याकाळपर्यंत दुकानदारांच्या ग्रुपवर फिरतो. काही लोक म्हणतात नावच टाका, लपवल्यासारखं वाटतं. माझं मत तसं नाही, पण अट एकच, तोंडी खरोखर सांगितलेलं असलं पाहिजे. ते केलं नसेल तर मात्र नाव न लिहिणं म्हणजे लपवणंच.

दुसरं म्हणजे यात जायचं कारण दिलेलं नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. पगार म्हणाला तर पैशासाठी गेला, ग्रोथ म्हणाला तर इथं ग्रोथ नाही, आणि त्रास म्हणाला तर राहिलेल्यांनी कोणाची बाजू घ्यायची? कारण न देणं हे खोटं बोलणं नाही. तुमचा निर्णय तुमचा आहे.

आणि कौतुक एकाच गोष्टीचं आहे, पण ती घडलेली गोष्ट आहे. "तुमच्यासारखी टीम मिळणार नाही" हे सगळेच लिहितात आणि उद्या नवीन टीमला पण तेच म्हणणार हे पोरांना कळतं. पहाटे साडेपाच मात्र त्यांचंच आहे, ते दुसऱ्या टीमला लावता येत नाही. तुम्ही तुमच्या सात वर्षांतला असा एक प्रसंग काढा, ज्यात सगळी टीम होती. एकट्या कुणाचं नाव ग्रुपवर घेऊ नका, ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं नवीन साहेब "जुन्याचा माणूस" म्हणून बघतो आणि त्याचं वर्ष खराब जातं. एकेकट्याला जे सांगायचं ते वेगळं फोनवर सांगा.

टाकायचा कधी? शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या आसपास, पोरं मार्केटमधून मोकळी होत असतात आणि ऑफिस अजून चालू असतं. रात्री अकराला टाकू नका, रात्रीचा मेसेज गुपचूप पळाल्यासारखा दिसतो आणि लोक त्यावर रात्रभर बोलतात. टीमच्या ग्रुपवर दुकानदार पण असतील, तसे मिक्स ग्रुप आपल्याकडं भरपूर, तर तिथं हा मेसेज नाही टाकायचा, तिथं फक्त "आजपासून कामासाठी ऑफिसच्या नंबरवर संपर्क करा" एवढी एक ओळ. टाकल्यावर लगेच ग्रुप सोडू नका, पोरांना चार शब्द लिहू द्या, त्यांना वाचा, हात जोडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडमिनला सांगून बाहेर पडा. ॲडमिन तुम्हीच असाल, आणि बहुतेक असालच, तर आधी ॲडमिनपद वरच्या साहेबांना द्या, मगच बाहेर पडा.

कायद्याचं थोडं सांगतो कारण तुमच्या मनात असणार. अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं असतं की सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणं धंदा-नोकरीला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, त्यामुळं नोकरी संपल्यानंतरची अशी अट कोर्टात साधारणपणे टिकत नाही. पण नोटीस पिरीयड संपेपर्यंत तुम्ही त्यांचेच नोकर आहात, तोपर्यंत समोरच्यासाठी काही करणं चालत नाही, नोकरी चालू असतानाचं असं बंधन सुप्रीम कोर्टानं 1967 च्या गोलिकारी केसमध्ये योग्य धरलंय. आणि माहिती नेणं, माणसं फोडणं याचं भांडण वेगळंच, तिथं कलम 27 ची ढाल दरवेळी पुढं करता येत नाही. तुमच्या लेटरमध्ये नक्की काय लिहिलंय ते एकदा सांगलीतल्या एखाद्या वकिलाला दाखवून घ्या, आणि रिलिव्हिंग लेटर, फुल अँड फायनल हातात येईपर्यंत लिहिताना जपून.

आता मेसेजनंतर जे होतं ते. दोन-चार दिवसांत एखादा पोरगा खासगीत विचारणारच, "सर, तिकडं जागा आहे का?" लिहून उत्तर देऊ नका, फोन करा आणि सांगा, "आत्ता मी यावर बोलणार नाही, तू तुझा सीझन कर." जागा असली तरी हेच. तुम्ही गेल्या गेल्या तीन महिन्यांत दोन पोरं तुमच्या मागं आली, तर राहिलेली सात जणं तुमचा निरोपाचा मेसेज परत उघडून वाचतील आणि त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांना वेगळं दिसेल. माझ्याकडं दुसऱ्या वेळी असा एक जण आला होता. मी त्याला नाही म्हटलं, त्याला राग आला, पण दीड वर्षानं त्यानं आमच्या कंपनीची जाहिरात बघून स्वतः अर्ज केला आणि एचआरमार्फत आला, तेव्हा कुणी काही बोललं नाही.

जॉईन झाल्याचा फोटो, नवीन बॅग, हारतुरे, हे स्टेटसला पहिला महिनाभर तरी नको. तुमच्या जुन्या टीमचे नंबर त्याच फोनमध्ये आहेत आणि स्टेटस त्यांनाच आधी दिसतं. आणि पहिल्यांदा जेव्हा एखाद्या दुकानात जुना पोरगा समोर येईल, गणपती पेठेत येईल नाहीतर मार्केट यार्डात, तेव्हा तो आधी आला असेल तर त्याचं बोलणं होईपर्यंत तुम्ही बाहेर थांबा. ऑर्डर घेऊ दे त्याला. मग आत जा, किंवा त्यालाच चहाला घेऊन जा आणि कामाचं सोडून बोला, घरचं विचारा. मी दुसऱ्या वेळी असंच केलं होतं आणि त्या दिवशी पलूसच्या त्याच पोरानं, तो आता स्वतः एरिया मॅनेजर झालाय, चहा पूर्ण प्यायला.